विश्लेषण : चूल एक की दोन? जनगणनेतले ‘कुटुंब’ आणि जिल्ह्याची सरासरी

पालघर जिल्ह्यात एका कुटुंबात सरासरी किती माणसे राहतात, या प्रश्नाचे थेट उत्तर २०११ च्या जनगणनेत सापडत नाही. कारण साधे आहे. जनगणना झाली तेव्हा हा जिल्हाच नव्हता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर अस्तित्वात आला. त्यामुळे त्याची सरासरी हवी असेल, तर ती तालुक्यांच्या आकड्यांवरून काढावी लागते. हे काम वरवर सोपे वाटते, पण त्यात दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो. मुळात जनगणना ‘कुटुंब’ कशाला म्हणते हे नीट समजले नाही, तर आलेल्या आकड्याचा अर्थही चुकतो. पाण्याच्या नळजोडण्या असोत, शौचालये असोत की घरकुले, नियोजन माणशी नव्हे तर कुटुंबामागे होते. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, हे पाहायला हवे.

कुटुंब ठरते कशावरून?

मराठीत ‘त्यांची चूल वेगळी झाली’ असे म्हटले की भावाभावांनी वेगळा संसार थाटला, हे सांगावे लागत नाही. जनगणनेची व्याख्या जवळपास याच म्हणीवर उभी आहे. नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. या व्याख्येत नात्याची अट कुठेही नाही. ती माणसे एकमेकांची नातेवाईक असतील, नसतील किंवा काही असतील आणि काही नसतील. घरातच राहणारी आणि तिथेच जेवणारी मोलकरीण त्या कुटुंबाची सदस्य धरली जाते. उलट, एकाच छपराखाली राहणाऱ्या सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या असतील, तर ती दोन कुटुंबे होतात.

कामाच्या गरजेपोटी एखाद्याला बाहेर जेवावे लागत असेल, तर मात्र तो कुटुंबातून गळत नाही. रात्रपाळीचा कामगार कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवतो, एसटीचा चालक मुक्कामाच्या गावी जेवतो. तरीही ते घरच्या कुटुंबातच मोजले जातात. व्याख्येत ही सवलत मुद्दाम ठेवलेली आहे.

इथे आणखी एक गोष्ट वेगळी ठेवावी लागते. घर आणि कुटुंब या जनगणनेच्या दृष्टीने दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्वतंत्र मुख्य दरवाजा असलेली आणि एक स्वतंत्र घटक म्हणून वापरली जाणारी इमारत किंवा तिचा भाग म्हणजे ‘जनगणना घर’. त्यात दुकान असू शकते, गोदाम असू शकते, किंवा ते रिकामेही असू शकते. एका जनगणना घरात एक कुटुंब असेल, तीन असतील किंवा एकही नसेल. त्यामुळे घरांची संख्या घेऊन लोकसंख्येला भागले, तर जे मिळते त्याला कुटुंबाचा सरासरी आकार म्हणता येत नाही.

एका चाळीत किती कुटुंबे?

समजा, नालासोपाऱ्यातल्या एका चाळीत चार खोल्या आहेत. पहिल्या खोलीत नवरा-बायको, दोन मुले आणि सासू अशी पाच माणसे राहतात आणि एकत्र जेवतात. दुसऱ्या खोलीत दोन भाऊ आपापल्या बायकामुलांसह राहतात. खोली एकच, पण पडद्याच्या दोन बाजूंना दोन शेगड्या आहेत. एकाकडे तीन माणसे, दुसऱ्याकडे चार. तिसऱ्या खोलीत गावाकडून आलेले चार तरुण राहतात. एकमेकांचे ते कोणी लागत नाहीत, खोलीत स्वयंपाक होत नाही आणि चौघेही खाणावळीत जेवतात. चौथी खोली एका व्यापाऱ्याने माल ठेवायला घेतली आहे.

माणसे झाली सोळा. कुटुंबे किती? पहिल्या खोलीत एक, दुसरीत दोन. तिसरीत मात्र चार, कारण एकत्र राहत असले तरी नाते नसलेली ही माणसे सामाईक स्वयंपाकघरातले जेवत नसतील, तर त्यांतला प्रत्येकजण स्वतंत्र, एका माणसाचे कुटुंब मानला जातो. चौथ्या खोलीत एकही नाही. एकूण सात कुटुंबे. सोळा भागिले सात, म्हणजे सरासरी साधारण २.३.

घाईत असलेल्या प्रगणकाने चुलीची चौकशी न करता खोलीमागे एक कुटुंब लिहिले, तर कुटुंबे होतील तीन आणि सरासरी जाईल ५.३ वर. माणसे तीच, चाळ तीच. आणि महिनाभराने त्या चौघा तरुणांनी वर्गणी काढून एक शेगडी घेतली आणि एकत्र स्वयंपाक सुरू केला, तर नियमानुसार सात कुटुंबांची चार होतील आणि सरासरी थेट ४ होईल. यात कुणी जन्मले नाही, मेले नाही की स्थलांतर करून आले नाही.

‘सरासरी कुटुंब लहान झाले’ अशी बातमी वाचताना म्हणूनच थोडे थांबावे लागते. मुले कमी होत असल्याने कुटुंब लहान होते, हे खरे. पण चुली वेगळ्या झाल्यानेही ते लहान होते, एकटे राहणारे वाढल्यानेही होते. सरासरीचा आकडा यांतले नेमके काय घडले ते सांगत नाही.

चारशे मुलांचे एक कुटुंब

व्याख्येची दुसरी बाजू संस्थांमध्ये दिसते. वसतिगृह, आश्रमशाळा, तुरुंग, अनाथाश्रम, मठ, हॉटेल अशा ठिकाणी नाते नसलेली अनेक माणसे राहतात आणि एकाच भटारखान्यातले जेवतात. जनगणना त्यांना ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणते. वसतिगृहात तीनशे विद्यार्थी असले तरी ते एकच कुटुंब धरले जाते. मात्र त्याच आवारात अधीक्षक बायकामुलांसह राहत असतील आणि त्यांचा स्वयंपाक स्वतंत्र होत असेल, तर त्यांचे कुटुंब नेहमीचे, वेगळे कुटुंब म्हणून नोंदले जाते.

जिल्ह्याच्या पातळीवर याने फारसा फरक पडत नाही, कारण लाखो कुटुंबांत अशी संस्थात्मक कुटुंबे थोडी असतात. गावाच्या पातळीवर मात्र ती सगळा हिशेब उलटापालटा करू शकतात. जव्हार, मोखाडा, डहाणू या आदिवासी तालुक्यांत अनेक गावांमध्ये निवासी आश्रमशाळा आहेत. समजा, एका गावात दोनशे कुटुंबांत नऊशे माणसे राहतात. सरासरी झाली ४.५. त्याच गावात चारशे मुलांची आश्रमशाळा आहे. गावाच्या लोकसंख्येत ती मुले धरली जातात, त्यामुळे लोकसंख्या १,३०० होते, पण कुटुंबे वाढतात फक्त एकाने. आता १,३०० भागिले २०१ केले की सरासरी जवळपास ६.५ येते. कागदावर हे गाव मोठमोठ्या एकत्र कुटुंबांचे वाटेल. प्रत्यक्षात तिथल्या एकाही घरात तेवढी माणसे नसतील.

हे ओळखायचे कसे? शेजारच्या गावांची सरासरी साडेचारच्या आसपास असताना एखाद्याच गावाची साडेसहा दिसली, तर पहिली शंका संस्थेची घ्यावी. दुसरी खूण वयाची. गावाच्या तक्त्यात शून्य ते सहा वर्षे वयाच्या बालकांची संख्या स्वतंत्र दिलेली असते. मोठ्या कुटुंबांच्या गावात ही बालकेही बरीच असायला हवीत. एकूण लोकसंख्येच्या मानाने ती फारच कमी असतील, तर गावात शाळकरी मुलांचा किंवा तरुणांचा मोठा गट कुठल्या तरी संस्थेत राहत असण्याची शक्यता अधिक.

ही मुले ज्या पाड्यांवरून आलेली असतात, तिथल्या कुटुंबांत ती मोजली जात नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणजे आश्रमशाळेच्या गावाची सरासरी फुगते आणि मुलांच्या गावांची थोडी घटते.

वीटभट्टीवर गेलेले कुटुंब कुठे मोजतात?

कुटुंब ठरले तरी त्यात कोणाला धरायचे, हा प्रश्न उरतोच. २०११ मध्ये प्रत्यक्ष लोकसंख्येची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि संदर्भक्षण होता २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र. नियम असा होता की, एरवी त्या घरात राहणारी व्यक्ती या वीस दिवसांत कधीही घरी असेल किंवा येणार असेल, तर तिची नोंद घरीच करायची. ती या संपूर्ण काळात बाहेर असेल, तर जिथे असेल तिथे. प्रगणक येऊन गेल्यावर आणि संदर्भक्षणाआधी घरात मूल जन्मले किंवा कुणाचा मृत्यू झाला, तर १ ते ५ मार्चच्या फेरतपासणीत दुरुस्ती होत असे. रस्त्यावर, पुलाखाली, रेल्वे फलाटावर राहणाऱ्या बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री झाली. त्यांचीही कुटुंबे म्हणूनच नोंद होते.

या नियमाचा पालघरच्या डोंगराळ भागाशी थेट संबंध आहे. मोखाडा, जव्हार, विक्रमगड भागातली अनेक कुटुंबे भाताची कापणी आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. फेब्रुवारी हा नेमका बाहेर असण्याचा महिना. नवरा, बायको आणि लहान मुले वसईजवळच्या भट्टीवर झोपडी बांधून राहत असतील, तर त्यांची गणना तिथे होते. गावात मागे राहिलेले आजी-आजोबा दोन माणसांचे कुटुंब ठरतात. पावसाळ्यात सहा माणसांची एक चूल असते, ती फेब्रुवारीत चार आणि दोन अशी विभागली जाते. भट्टी वसईत असेल तर माणसे निदान जिल्ह्यातच राहतात. भिवंडीत असेल तर ती आजच्या ठाणे जिल्ह्याच्या खात्यात जातात.

कोकणात याचे जुने रूप दिसते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली, म्हणजे घटली. त्या वर्षी तिथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबईला गेलेला चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला घरी येतो, रेशनकार्डावर त्याचे नाव गावाचेच असते, घरातली माणसेही त्याला धरूनच मोजतात. पण फेब्रुवारीतले ते वीस दिवस तो मुंबईत असेल, तर जनगणनेसाठी तो मुंबईकर. अशा जिल्ह्यात कुटुंबाचा सरासरी आकार लहान दिसतो, त्यात कमी मुलांचा वाटा असतो तसाच बाहेर गेलेल्या कर्त्या माणसांचाही असतो.

पालघरची सरासरी काढायची कशी?

सूत्र एका ओळीचे आहे. जिल्ह्याची एकूण लोकसंख्या भागिले जिल्ह्यातली एकूण कुटुंबे. पालघरमध्ये आठ तालुके आहेत. २०११ च्या आकड्यांनुसार त्यांची लोकसंख्या अशी : वसई १३,४३,४०२, पालघर ५,५०,१६६, डहाणू ४,०२,०९५, वाडा १,७८,३७०, तलासरी १,५४,८१८, जव्हार १,४०,१८७, विक्रमगड १,३७,६२५ आणि मोखाडा ८३,४५३. बेरीज २९,९०,११६. याच पद्धतीने आठही तालुक्यांची कुटुंबसंख्या मिळवायची आणि लोकसंख्येच्या बेरजेला कुटुंबसंख्येच्या बेरजेने भागायचे.

सर्वात जास्त होणारी चूक इथेच होते. प्रत्येक तालुक्याची सरासरी आधीच काढलेली असते. मग त्या आठ सरासऱ्यांची बेरीज करून आठने भागण्याचा मोह होतो. पण जिल्ह्यातली ४५ टक्के माणसे एकट्या वसई तालुक्यात आहेत, तर मोखाड्यात तीन टक्केही नाहीत. आठने भागणारा हिशेब दोघांना सारखेच वजन देतो.

फरक किती पडतो, हे दोनच तालुके घेऊन पाहता येते. लोकसंख्या खरी घेऊ, सरासरी मात्र केवळ समजण्यासाठी धरू : वसईत ४.२ आणि मोखाड्यात ५.२. दोन सरासऱ्यांची सरासरी काढली तर येते ४.७. आता नीट करून पाहू. वसईची लोकसंख्या ४.२ ने भागली की सुमारे ३,१९,८५८ कुटुंबे मिळतात. मोखाड्याची ५.२ ने भागली की सुमारे १६,०४९. एकूण कुटुंबे ३,३५,९०७, एकूण माणसे १४,२६,८५५. भागाकार येतो ४.२५. मोखाड्याने आकडा ४.२ वरून जेमतेम पाच शतांशाने हलवला, कारण त्याचे वजनच तेवढे आहे. चुकीच्या पद्धतीने तो अर्ध्याने हलला होता.

ग्रामीण आणि शहरी अशा दोन सरासऱ्या दिलेल्या असतील, तिथेही हेच लागू होते. त्यांचा मध्य काढून जिल्ह्याची सरासरी मिळत नाही.

भाजक कोणत्या टप्प्यातला?

दुसरी चूक अधिक छुपी आहे आणि ती जाणकारांच्या अहवालांतही सापडते. जनगणना दोन टप्प्यांत होते. आधी घरयादी आणि घरांची गणना, नंतर लोकसंख्येची गणना. २०११ साठी घरयादीचे काम देशभर एप्रिल ते सप्टेंबर २०१० दरम्यान झाले. घरात नळ आहे का, शौचालय आहे का, स्वयंपाकाला कोणते इंधन आहे, ही माहिती त्या टप्प्यात मिळते. कुटुंबांची संख्या दोन्ही टप्प्यांत नोंदली जाते, पण ती एकच नसते.

महाराष्ट्राचे उदाहरण घेता येईल. राज्याची २०११ ची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. लोकसंख्या गणनेच्या टप्प्यातली कुटुंबे २,४४,२१,५१९. भागाकार ४.६०. घरयादीच्या तक्त्यांत मात्र राज्यातली कुटुंबे २,३८,३०,५८० आहेत. लोकसंख्या तीच ठेवून या आकड्याने भागले, तर उत्तर येते ४.७२. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही त्याच जनगणनेचे, आणि कुटुंबांत फरक जवळपास सहा लाखांचा.

हा फरक कुणाच्या हलगर्जीमुळे पडलेला नाही. घरयादीच्या तक्त्यांत संस्थात्मक कुटुंबे धरलेली नसतात. बेघर कुटुंबे त्या टप्प्यात येतच नाहीत, कारण यादी घरांची असते. शिवाय दोन टप्प्यांत काही महिन्यांचे अंतर असते आणि तेवढ्यात नवी लग्ने होतात, चुली वेगळ्या होतात, माणसे ये-जा करतात. लोकसंख्येच्या आकड्यात वसतिगृहातले विद्यार्थी आहेत, कैदी आहेत, फलाटावरची कुटुंबेही आहेत. त्यांना अंशात घ्यायचे आणि छेदात वगळायचे, असे केले की सरासरी उगाच वर जाते. साधा नियम असा, की लोकसंख्या आणि कुटुंबे एकाच तक्त्याच्या एकाच ओळीतून घ्यावीत.

संस्था वगळून निव्वळ घरगुती सरासरी हवी असेल तर तीही काढता येते, पण मग दोन्हीकडून वगळावे लागते. संस्थांमधली माणसे लोकसंख्येतून वजा, आणि संस्था कुटुंबसंख्येतून वजा.

एक-दोन दशांशाने काय बिघडते?

४.६ आणि ४.४ यांतला फरक क्षुल्लक वाटतो. पण नियोजनात हा आकडा उलट्या बाजूने वापरतात. लोकसंख्येचा अंदाज हाताशी असतो, तिला सरासरीने भागून कुटुंबे किती ते काढतात आणि तेवढ्या जोडण्यांची, शौचालयांची किंवा घरकुलांची तरतूद होते. पालघरची २९,९०,११६ ही लोकसंख्या ४.६ ने भागली तर सुमारे ६,५०,०२५ कुटुंबे होतात. ४.४ ने भागली तर ६,७९,५७२. दोन दशांशांच्या फरकात साडेएकोणतीस हजार कुटुंबे आली किंवा गेली. सरासरी चुकून जास्त धरली, तर ही कुटुंबे कागदावरून नाहीशी होतात, आणि पाणी मात्र त्यांना लागतेच.

आकडा जुना असेल तर धोका आणखी वाढतो. कुटुंबे लहान होत असताना २०११ ची सरासरी आजच्या लोकसंख्येला लावली, की कुटुंबांची संख्या कमीच भरणार. २०२१ ची जनगणना लांबली आणि २०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला, हिमाच्छादित प्रदेशांचा अपवाद वगळता. म्हणजे दोन जनगणनांमधले अंतर सोळा वर्षांचे. तेवढ्या काळात वसई-विरारसारख्या पट्ट्यात किती चुली नव्याने पेटल्या, याचा अंदाज जुन्या सरासरीवरून बांधणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

मग रेशनकार्डावरचे कुटुंब?

ते वेगळे. प्रत्येक योजनेची कुटुंबाची व्याख्या तिच्या गरजेनुसार ठरलेली असते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताचे, विवाहाचे किंवा दत्तकाचे नाते असलेली, एरवी एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी किंवा सामाईक रेशनकार्ड असलेली माणसे. म्हणजे तिथे नाते आवश्यक, जनगणनेत नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीतले ते चार तरुण एका शेगडीवर जेवू लागले, तर जनगणनेसाठी एक कुटुंब होतात. त्या कायद्याच्या व्याख्येत ते कधीच एक कुटुंब होऊ शकत नाहीत.

गोंधळ होतो तो इथून. अंत्योदय योजनेत धान्य कुटुंबामागे महिन्याला ३५ किलो ठरलेले आहे, घरात माणसे तीन असोत की सात. अशा वेळी ‘कुटुंबे जास्त लिहिली तर लाभ जास्त’ असा समज पसरतो आणि प्रगणकासमोर एका चुलीच्या दोन सांगितल्या जातात. उलटही घडते. घरमालकाला खोलीत भाडेकरू असल्याची नोंद नको असते, म्हणून वेगळी चूल असलेले बिऱ्हाड ‘आमच्यातच आहेत’ म्हणून सांगितले जाते. दोन्हींचा उपयोग शून्य. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तीची किंवा कुटुंबाची माहिती गोपनीय असते. ती पाहून कुणाला रेशनकार्ड मिळत नाही की कुणाचे रद्द होत नाही, आणि ती पुरावा म्हणून न्यायालयातही वापरता येत नाही. बिघडते ते फक्त तालुक्याचे आणि जिल्ह्याचे गणित.

२०२७ च्या जनगणनेत नागरिकांना स्वतःची माहिती ऑनलाइन भरण्याची सोय आहे. त्यामुळे चूल एक की दोन, हे ठरवण्याची जबाबदारी आता काही प्रमाणात प्रगणकाकडून घरच्यांकडे येते. ज्या म्हाताऱ्या आईचे जेवण पंधरा दिवस एका मुलाकडे आणि पंधरा दिवस दुसऱ्याकडे असते, ती दोन्ही अर्जांत दिसता कामा नये आणि दोन्हींतून सुटताही कामा नये.

आपल्या गावाचा आकडा कसा तपासायचा?

२०११ चा ‘प्राथमिक जनगणना गोषवारा’ जनगणनेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला आहे. त्यात राज्यापासून गावापर्यंत आणि शहरातल्या प्रभागापर्यंत प्रत्येकाची एक ओळ असते. त्या तक्त्यात No_HH या रकान्यात कुटुंबे आणि TOT_P या रकान्यात एकूण लोकसंख्या असते. सरासरी मिळते ती अशी :

```
TOT_P / No_HH
```

पालघरसाठी ठाणे जिल्ह्याच्या फाइलमधून आठ तालुक्यांच्या ओळी निवडाव्या लागतात. प्रत्येक तालुक्यासाठी Total, Rural आणि Urban अशा ओळी असू शकतात. त्यांतली फक्त Total ची घ्यायची. तिन्ही घेतल्या तर लोकसंख्या दुप्पट होते आणि कुटुंबेही दुप्पट होतात. गंमत अशी की, भागाकार तरीही बरोबरच येतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. ती उघड होते तेव्हा, जेव्हा त्याच बेरजेवरून जिल्ह्यात नळजोडण्या किती लागतील हे काढले जाते. म्हणून भागाकाराआधी लोकसंख्येची बेरीज २९,९०,११६ येते की नाही, ते पाहून घ्यावे. ती जुळत नसेल, तर सरासरी कितीही पटण्याजोगी दिसली तरी ओळी पुन्हा तपासाव्यात.